गरब्याचे फोटो: रॉ की जेपेग? (नऊ माळा, दोन कार्डं आणि एक म्हातारा लॅपटॉप)

दांडियाबाजारी

नमस्कार मंडळी. यंदा बडोद्यातल्या आमच्या मंडळाच्या गरब्याचे फोटो काढायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. कारण एवढंच की मंडळात कॅमेरा माझ्याकडेच आहे. पैसे नाहीत, रोज रात्री फाफडा-जलेबी मिळेल असं आश्वासन आहे.

अडचण सांगतो. गणपतीत विसर्जनाच्या मिरवणुकीचे फोटो मी जेपेगमध्ये काढले होते. डीजेच्या गाडीवरचे एलईडी जांभळे-निळे, त्यामुळे अर्ध्या लोकांचे चेहरे वांग्यासारखे आले. घरी येऊन रंग दुरुस्त करायला गेलो तर चेहरा राखाडी व्हायचा, कातडीचा रंग काही येईना. एक मित्र म्हणाला, रॉमध्ये काढायचास, म्हणजे सेन्सरने टिपलेलं जसंच्या तसं ठेवणाऱ्या फाइलमध्ये, सगळं सुटलं असतं. दुसरा म्हणाला, रॉ काढलंस तर दिवाळीपर्यंत लॅपटॉपसमोरून उठणार नाहीस.

आता माझी परिस्थिती. निकॉनचा 24 मेगापिक्सेलचा जुना कॅमेरा, रॉची एक फाइल साधारण 27 एमबी, जेपेग साधारण 10 एमबी. 64 जीबीची दोन कार्डं. लॅपटॉपला 8 जीबी रॅम, डिस्कवर 120 जीबी मोकळी. रोज सहाएकशे फोटो होतील असा अंदाज आहे. सेक्रेटरीसाहेबांना त्याच रात्री ग्रुपवर टाकायला 40 फोटो हवेत आणि दिवाळीआधी स्मरणिका छापायची आहे. त्यात पानभर फोटो असतील आणि मांडवीजवळ एक मोठा फ्लेक्सही लागेल.

मैदानावर एलईडी असणार, दर दोन सेकंदांनी रंग बदलणारे. शिवाय अष्टमीला आजोळच्या पोळीत, म्हणजे जुन्या गल्लीत, शेरी गरबा असतो, तिथे फक्त पिवळे दिवे. काय करू?

---

बफरफुल्ल

यात विचारायचं काय? रॉ. जेपेगमध्ये एका रंगाच्या 256 पायऱ्या, 14 बिट रॉमध्ये 16,384. म्हणजे चौसष्टपट माहिती. काहीही बिघडलं तरी नंतर परत आणता येतं. आणि जेपेग प्रत्येक वेळी उघडली की थोडी खराब होते, कॉपी केली तरी होते. ज्याला फोटोची किंमत आहे त्याने जेपेगला हात लावू नये.

---

निवृत्त_फिल्मवाला

मी 1970 पासून बडोद्यात फोटो काढतोय. आमच्या काळी हाच वाद निगेटिव्ह की स्लाइड असा होता. स्लाइडमध्ये एक्स्पोजर चुकलं की चुकलं, जे आलं ते आलं. निगेटिव्हमध्ये अंधारखोलीत वाव असायचा. जेपेग म्हणजे स्लाइड, रॉ म्हणजे निगेटिव्ह, एवढं लक्षात ठेव पोरा. आणि निगेटिव्हसारखंच कर: एखादा स्टॉप, म्हणजे दुप्पट, जास्तच प्रकाश दे, सावल्या भरलेल्या राहतील, उजेड नंतर खाली आणता येतो.

---

आभलेवाली

काका, उपमा सुंदर आहे, पण शेवटचं वाक्य या पोराला बुडवेल म्हणून मध्येच बोलते. निगेटिव्ह जास्तीचा प्रकाश हळूहळू पचवतं, वरच्या टोकाला ते मऊ होत जातं. सेन्सर तसा नाही. त्यावरचा प्रत्येक ठिपका म्हणजे एक वाटी. भरली की भरली, वर पडलेलं पाणी कुठे साठत नाही. रॉमध्ये वाव आहे तो सावलीच्या बाजूला. म्हणजे निगेटिव्हच्या बरोबर उलट. गरब्याच्या मैदानावर एक स्टॉप जास्त दिलात तर आभल्यांवरची चमक, गायिकेचा गाल आणि पांढरी केडियुं हातची जातील.

बफरफुल्ल, पायऱ्यांचं गणित बरोबर, निष्कर्ष अर्धा. त्या जास्तीच्या पायऱ्या रिकाम्या वाटीपासून काठापर्यंतच्या आहेत, काठाच्या वर एकही नाही. आणि जेपेग कॉपी केल्याने किंवा नुसती उघडल्याने काही होत नाही. बदल करून पुन्हा सेव्ह केली तरच ती नव्याने दाबली जाते.

दांडियाबाजारी, तुझ्या वांग्यांबद्दल. त्यात दोन वेगळे बिघाड असतात आणि डोळ्याला ते सारखेच दिसतात. एक रॉने सुटतो, दुसरा सुटत नाही. विसर्जनाचे जेपेगच आहेत तर आता कळणार नाही. मैदानावर दिव्यांची चाचणी होईल तेव्हा जाऊन दहा फोटो रॉ अधिक जेपेग असे काढ आणि त्यातली एक जोडी इथे लिंक दे. मग बोलू.

---

मावशी_रावपुरा

मी हेच विचारणार होते. मुलीने नवरात्रात काढलेले फोटो तिच्या मोबाइलवर छान दिसतात आणि माझ्याकडे आले की पुसट होतात. ते जेपेग असतात म्हणून का? तिला रॉ काढायला सांगू का?

---

आभलेवाली

नाही हो मावशी, तो दोष जेपेगचा नाही. व्हॉट्सअ‍ॅप पाठवताना फोटो लहान करतं. तिला म्हणावं डॉक्युमेंट म्हणून पाठव, जशाचा तसा येईल.

---

राजवाडा_कॉर्नर

इंदूरहून लिहितोय. भिया, माझा अनुभव उलटा आहे. रंगपंचमीच्या मिरवणुकीत, आमच्या गेरमध्ये, मी रॉ लावून गेलो होतो, शिकल्याचा जोश. राजवाड्यासमोर गाडीवरून गुलालाचा फवारा उडाला, मी बोट दाबून धरलं. पहिले काही फोटो खटाखट निघाले आणि नंतर कॅमेरा सुस्त. सेकंदाला एक. गुलाल उंच जाऊन छत्रीसारखा पसरतो तो क्षण गेलाच. पुढच्या वर्षी जेपेग लावली, एकदाही अडकलो नाही. भर दुपारचं ऊन, रंग जसे आहेत तसे येतात. तिथे रॉ काढून करायचं काय? तुम्हीही जेपेगच लावा. आणि कॅमेऱ्याला प्लॅस्टिक गुंडाळा.

---

बफरफुल्ल

गरब्यात प्लॅस्टिक? 😄

---

आभलेवाली

प्लॅस्टिकचं सोडा, पण त्यांचं अडकणं खरं आहे आणि ते तुलाही भोवेल. फोटो आधी कॅमेऱ्याच्या आतल्या मेमरीत जातात, तिथून कार्डावर. तुझ्यासारख्या कॅमेऱ्यात रॉचे पंधरा-वीस फोटो मावतात. सेकंदाला पाच-सहा काढलेस तर तीन-चार सेकंदांत ती मेमरी भरते. त्यापुढचा वेग कार्ड ठरवतं. कार्डावर व्ही30 लिहिलंय म्हणजे सेकंदाला किमान 30 एमबी लिहिण्याची हमी, तुझी फाइल 27 एमबीची. म्हणून सेकंदाला एक. जेपेग लहान, त्यामुळे ती मेमरी पटकन भरत नाही.

पण गेर आणि गरबा यात फरक आहे. गुलाल एकदाच उडतो. गरब्यात तीच फिरकी पंचेचाळीस सेकंदांनी तुझ्यासमोरून पुन्हा येते. टाळीच्या आधी तीन-तीन फोटोंचे छोटे घोट घे, बोट दाबून धरू नकोस. रॉ अधिक जेपेग दोन्ही लावलंस तर मात्र मेमरी आणखी लवकर भरेल, तेव्हा ती जोडी फक्त चाचणीपुरती ठेव.

---

दांडियाबाजारी

ताई, काल रात्री मैदानावर लाइटवाल्यांची चाचणी होती. जाऊन आलो. मंडळातली दोन मुलं चणिया-चोळी घालून उभी केली (मुलगेच होते, हसू नका). लिंक खाली दिली आहे, जोडीचं नाव DSC_0417. निळा दिवा अंगावर आला त्या क्षणाचा फोटो आहे. जेपेगमध्ये चोळीवरचं भरतकाम गायब, सगळा निळा रबर.

---

आभलेवाली

पाहिली. फार चांगलं उदाहरण काढलंस, दोन्ही बिघाड एकाच चौकटीत आहेत.

मी ही NEF, म्हणजे निकॉनची रॉ फाइल, डार्कटेबलमध्ये उघडली. फुकट आहे, तूही घे. त्यात रॉ ओव्हरएक्स्पोज्ड दाखवणारी एक खूण आहे, ती चालू केली की जिथे सेन्सरची वाटी खरोखर भरली तिथेच रंग दिसतो. जेपेगवर नेहमीची क्लिपिंगची खूण लावली तर अख्खी चोळी आणि अर्धा चेहरा पेटलेला दिसतो. रॉवर खूण दिसली ती फक्त गालाच्या वरच्या हाडावर आणि एका आभल्यावर.

मग चोळीवर काय झालं? निळ्या एलईडीचा प्रकाश जवळजवळ एकाच रंगाचा असतो. इतका गडद निळा जेपेगच्या नेहमीच्या रंगपेटीत, म्हणजे एसआरजीबीत, मावत नाही. कॅमेरा जेपेग करताना तो रंग पेटीत कोंबतो, त्यात निळा वर आपटतो, लाल शून्यावर बसतो आणि टाक्या-टाक्यांतला फरक चिरडला जातो. सेन्सरने तो फरक टिपला होता, जेपेगने फेकला. हा पहिला बिघाड. रॉमध्ये एक्स्पोजर थोडं खाली आणून निळ्याची तीव्रता कमी केली की भरतकाम परत आलं. मी करून खाली जोडलंय, टाके मोजता येतात.

गालाचं हाड मात्र गेलं. तिथे निळ्याची वाटीच भरली होती. तिथे रॉ आणि जेपेग सारखेच गरीब.

आणि तिसरी एक गोष्ट, तिची आशाच धरू नकोस. त्या क्षणी अंगावर फक्त निळा प्रकाश होता. लाल प्रकाश पडलाच नाही तर कातडीचा रंग सेन्सरला कुठून कळणार? व्हाइट बॅलन्सचा दांडा कितीही ओढ, चेहरा राखाडीच होणार. विसर्जनाला तुझं हेच झालं होतं. अशा फोटोचं एकच भलं होतं: तो कृष्णधवल कर, आणि करताना हिरव्या चॅनलला वजन दे. निळ्या उजेडात हिरवे ठिपके थोडे भरतात, ओसंडत नाहीत, चेहऱ्याची ठेवण तिथे शाबूत असते.

---

निवृत्त_फिल्मवाला

वाटीचं पटलं. म्हणजे आम्ही सावलीसाठी एक्स्पोज करायचो, तुम्ही उजेडासाठी करता. पन्नास वर्षांची सवय मोडायची म्हणजे अवघडच. कृष्णधवलचं मात्र ऐकून बरं वाटलं.

---

दांडियाबाजारी

ताई, मग मैदानावरच कसं कळेल की वाटी भरतेय? माझ्या कॅमेऱ्यात हिस्टोग्राम, उजेडाचा तो आलेख, दिसतो, त्यात तर सगळं मध्यात होतं, काही उजवीकडे आपटलेलं नव्हतं.

---

आभलेवाली

कारण तू पांढरा हिस्टोग्राम पाहिलास. त्यात हिरव्याला जास्त वजन असतं, निळ्याला फार कमी. निळा ओसंडला तरी तो शांत बसतो. प्लेबॅकच्या सेटिंगमध्ये जाऊन तीन रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम चालू कर. निळ्याचा डोंगर उजव्या भिंतीला चिकटला की एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप कमी कर.

एक मेख आहे. तुम्ही रॉ काढत असलात तरी कॅमेरा हिस्टोग्राम दाखवतो तो जेपेगचा. त्यात व्हाइट बॅलन्सचा गुणाकार आणि पिक्चर कंट्रोलचा भडकपणा आधीच मिसळलेला असतो. म्हणून तो कधी उगाच घाबरवतो, रॉमध्ये जागा असतानाही भिंत दाखवतो. पिक्चर कंट्रोल न्यूट्रल किंवा फ्लॅटवर ठेवलास की जरा खऱ्याच्या जवळ येतो. विविड अजिबात नको.

---

बफरफुल्ल

यापेक्षा सोपं आहे. आयएसओ 1600 वर अडकवून टाक, शटर 1/250, भिंग पूर्ण उघडं. फोटो काळे येतील, येऊ दे. घरी रॉमध्ये दोन स्टॉप उचल. आजच्या सेन्सरवर आयएसओ वाढवणं आणि नंतर उचलणं यात नॉइजचा फरक नसतो. मग एकही दिवा ओसंडणार नाही.

---

आभलेवाली

हे खरं म्हणजे तुझं चांगलं सुचवणं आहे. या कॅमेऱ्याच्या सेन्सरवर बऱ्यापैकी चालतं. पण "आजच्या सेन्सरवर" म्हणून सगळ्यांना सांगू नकोस, काही जुन्या कॅननवर हेच केलं तर सावलीत आडव्या-उभ्या पट्ट्या उमटतात. आणि सेक्रेटरींचे 40 फोटो? ते त्याच रात्री हवेत. काळे फोटो ग्रुपवर कोण टाकणार?

मी स्वतः मीटर सांगतो त्यापेक्षा एकच स्टॉप खाली राहते.

---

बफरफुल्ल

एका स्टॉपने गायिकेचा गाल वाचत नाही, दोन लागतात. मी माझ्या मतावर ठाम आहे. 40 फोटोंसाठी अख्खी रात्र का बिघडवायची?

---

आभलेवाली

तू बडोद्यात असशील तर तिसऱ्या माळेला ये, शेजारी उभे राहून दोघं काढू. 🙂

दांडियाबाजारी, त्या 40 फोटोंचा तोडगा तुझ्या फाइलमध्येच आहे. निकॉनच्या रॉ फाइलच्या पोटात एक पूर्ण आकाराची जेपेग आधीच असते, कॅमेऱ्याच्या पडद्यावर तू पाहतोस तीच. दाब जास्त असतो, एक-दोन एमबीची निघते, पण ग्रुपसाठी भरपूर. घरी आल्यावर निवडलेल्या 40 NEF एका फोल्डरमध्ये टाक, एक्झिफटूल बसवून घे आणि त्या फोल्डरमध्ये हे चालव:

```
exiftool -b -JpgFromRaw -w _JFR.JPG -ext NEF .
```

काही सेकंदांत 40 जेपेग बाजूला येऊन पडतात. रॉ अधिक जेपेग लावायची गरजच उरत नाही, आणि रात्रीमागे सहा जीबी वाचतात. उभे काढलेले फोटो आडवे पडलेले निघतील, कारण वळवण्याची खूण त्या आतल्या जेपेगमध्ये येत नाही. तेवढे हाताने फिरव.

म्हणूनच रॉ काढतानाही व्हाइट बॅलन्स वाऱ्यावर सोडू नकोस. रॉला त्याने फरक पडत नाही, ती नुसती चिठ्ठी असते. पण पोटातली जेपेग त्या चिठ्ठीप्रमाणे बनलेली असते.

---

पोळीतला_हिशेबनीस

मला फोटोतलं कळत नाही, पण जागेचा हिशेब कोणी मांडला नाही म्हणून मांडतो. नऊ रात्री गुणिले 600 म्हणजे 5400 फोटो. 27 एमबीने 146 जीबी होतात, 10 एमबीने 54 जीबी. लॅपटॉपवर 120 मोकळे. म्हणजे रॉ सगळे ठेवले तर सातव्या-आठव्या माळेला डिस्क भरते आणि जेपेग निम्म्यातही मावतात. शिवाय एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला जागा लागते ती वेगळी. एकाच डिस्कवर एकच प्रत ठेवणार असाल तर ठेवून उपयोग काय, म्हणून दुप्पट धरा: 292 जीबी. मला तर जेपेग परवडते असं दिसतं.

---

आभलेवाली

हिशेब चोख आहे, फक्त एक गृहीत चुकलंय की 5400 ठेवायचे. गरब्याचे सहाशेपैकी पाचशे टाकाऊच असतात. डोळे मिटलेले, समोरून कोणीतरी आडवं गेलेलं, पाठ, नुसते हात. रात्रीमागे साठ-सत्तर राखले तर नऊ रात्रींचे सहाशे, म्हणजे सोळा-सतरा जीबी. दोन प्रती धरल्या तरी एका छोट्या हार्डडिस्कच्या कोपऱ्यात बसतात.

रॉची खरी किंमत जागेत नाही, त्या चाळणीच्या वेळात आहे. सहाशे फोटो, प्रत्येकी दोन सेकंद, वीस मिनिटं झाली. पण जुन्या लॅपटॉपवर रॉ उघडायलाच तीन-चार सेकंद लागले तर तीच वीस मिनिटं तासावर जातात, आणि गरबा संपवून रात्री एक वाजता हे कोणी करत नाही. चाळण लांबली की डिस्क भरते. म्हणून चाळणी करताना रॉ उलगडून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरू नकोस, पोटातली जेपेग दाखवणारा साधा व्ह्यूअर वापर. लगेच पलटतात.

कार्डांचंही सांगते. 64 जीबीवर तुझे साधारण 2200 रॉ बसतील, म्हणजे तीन रात्री आरामात. पहिल्या तीन माळा एका कार्डावर, पुढच्या तीन दुसऱ्यावर. सातव्या माळेपर्यंत कार्ड फॉरमॅटच करू नकोस, दुसरी प्रत तीच. सातव्याला पहिलं कार्ड मोकळं करायचं, तेही निवडलेले फोटो लॅपटॉप आणि बाहेरची डिस्क अशा दोन्हीकडे आहेत हे उघडून पाहिल्यावर.

---

दांडियाबाजारी

आणि शेरी गरबा? तिथेही रॉच?

---

आभलेवाली

तिथे मी जेपेग काढते. अगदी निवांत.

पोळीत दिवे रात्रभर तेच असतात. पिवळे, साधारण 2700 ते 3000 केल्विनचे. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवायचा नाही, कारण समोर लाल घागरा आला की कॅमेरा एक रंग देतो, हिरवा आला की दुसरा, आणि शंभर फोटोंचे शंभर रंग होतात. केल्विनमध्ये 3200 लावायचं, म्हणजे दिव्याची ऊब थोडी राहते आणि चेहरे हळद लावल्यासारखे दिसत नाहीत. एक्स्पोजर मॅन्युअल. मातेच्या गरबीजवळ एक फोटो काढून पाहायचा, पटला की रात्रभर हात लावायचा नाही. मग जेपेगमध्ये दुरुस्त करायला काही उरतच नाही. तिथे पाचशे रॉ घेऊन घरी जाणं म्हणजे उगाच ओझं.

एकच गोष्ट बघ. आयएसओ 6400 च्या वर गेलास की कॅमेऱ्याचं नॉइज रिडक्शन जेपेगमध्ये भरतकामाचा लगदा करतं. ते मेनूतून लो वर ठेव. दाणे दिसले तर दिसू देत, टाके दिसायला हवेत.

---

राजवाडा_कॉर्नर

म्हणजे शेवटी जेपेगवर आलेच ना! 😀 मी तेच म्हणत होतो.

---

निवृत्त_फिल्मवाला

ती एका पोळीपुरतं म्हणाली बाबा, नीट वाच.

---

दांडियाबाजारी

पहिली माळ झाली. पहाटेचे अडीच वाजलेत, झोप येत नाही म्हणून लिहितो.

612 फोटो, 16.4 जीबी. सगळे रॉ. तीन रंगांचा हिस्टोग्राम लावला होता आणि पहिल्या अर्ध्या तासात कळलं की निळा आणि जांभळा दिवा आला की निळ्याचा डोंगर भिंतीला जाऊन बसतो, पांढऱ्या दिव्यात सगळं ठीक. शेवटी पांढरा दिवा येईपर्यंत थांबायला शिकलो. बॅंडवाल्यांच्या तालावर लाइटवाला दिवे बदलतो, दोन आवर्तनांनी अंदाज येतो.

बफर, ती आतली मेमरी, दोनदा भरला. दोन्ही वेळा चूक माझी, बोट दाबून धरलं.

चाळणीला 35 मिनिटं लागली, 74 राखले. त्या कमांडने 40 जेपेग निघाले, अकरा आडवे पडले होते, फिरवले. सेक्रेटरींना पावणेदोनला गेले. त्यांचं उत्तर आलं: "जरा डार्क वाटतात."

आणि एका गोष्टीचं उत्तर मिळालं नाही. काही फोटोंत आडव्या काळ्या पट्ट्या आहेत, जणू कोणी फोटोवरून कंगवा फिरवलाय. रॉमध्येही तशाच आहेत. 1/500 वर जास्त, 1/125 वर कमी. हे पोटातल्या जेपेगमध्ये आणि रॉमध्ये दोन्हीकडे सारखंच कसं?

---

आभलेवाली

कारण ते फाइलचं दुखणंच नाही. स्वस्त एलईडी मंद करायला वेगाने चालू-बंद होतात. शटर जलद असलं की सेन्सरच्या काही ओळी दिवा चालू असताना टिपल्या जातात, काही बंद असताना. जो उजेड पडलाच नाही तो कुठल्याच फाइलमध्ये नसणार. 1/100 किंवा 1/125 वर ये. टाळीच्या क्षणी हात हलके हलतील, चालतं. सायलेंट किंवा इलेक्ट्रॉनिक शटर असेल तर ते आधी बंद कर, त्यात पट्ट्या आणखी वाईट येतात.

सेक्रेटरींना म्हणावं, मोबाइलचा ब्राइटनेस वाढवा.

---

बफरफुल्ल

एक स्टॉप खाली आणि तरी डार्क म्हणतात, मग दोन काय वाईट होते? तिसऱ्या माळेला येतोय मी. नवलाखीच्या गेटपाशी नऊ वाजता. राखलेल्या 74 सोडून बाकीचे टाकाऊ रॉ तू पुसलेस की ठेवलेस ते सांग आधी, मला तुझा तो गायिकेचा फोटो मूळ फाइलमध्ये बघायचाय.

---

दांडियाबाजारी

कार्डावर सगळे आहेत अजून. लॅपटॉपवरचे 538 पुसले. त्यातच एक माझ्या बायकोचा होता असं आत्ता सकाळी चहा पिताना कळलंय, डोळे मिटलेला. तिला तोच आवडला होता. कार्डावरून परत आणतो.